कोपऱ्यातला चौरस आणि गोल कट्टा

मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटात एक तिकोनी तुकडा आहे. दोन बाजूंना शेजारच्या प्लॉटांच्या कंपाउंड भिंती आणि तिसऱ्या बाजूने तिरपा जाणारा रस्ता. प्लॉट चौकोनी पाडायचे आणि रस्ता मात्र तिरपा, मग असा तुकडा उरणारच. कितीतरी वर्षं तिथे गाजरगवताशिवाय काही नव्हतं. यंदा मंडळींनी ठरवलं की तिथे संध्याकाळी बसायला गोल कट्टा बांधायचा, आणि तो जेवढा बसेल तेवढा मोठा बांधायचा. मी दहावीच्या शिकवण्या घेते हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे "गोल केवढा येईल ते मॅडम सांगतील" असं परस्पर ठरूनही गेलं.

मला काम सोपं वाटलं. लेआउटच्या नकाशावर एक भिंत २० फूट, दुसरी २१ फूट आणि दोघींच्या मध्ये काटकोन दाखवलेला. रस्त्याकडची बाजू म्हणजे कर्ण. २० चा वर्ग ४००, २१ चा ४४१, बेरीज ८४१, आणि ते २९ चा वर्ग. म्हणजे कर्ण नेमका २९ फूट. त्रिकोणात बसणारा सगळ्यात मोठा गोल तिन्ही बाजूंना टेकतो. एखाद्या बाजूला टेकत नसेल, तर त्याला तिकडे जरा सरकवून आणखी फुगवता येतं. तिन्ही बाजूंना टेकणाऱ्या या गोलाला पुस्तकात अंतर्वर्तुळ म्हणतात. त्याची त्रिज्या काढायचं काटकोन त्रिकोणापुरतं छोटं सूत्र माझ्या विद्यार्थ्यांना पाठ असतं: काटकोन करणाऱ्या दोन बाजूंची बेरीज करा, त्यातून कर्ण वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा.

r = (a + b − c) / २

२० आणि २१ मिळून ४१, त्यातून २९ गेले की १२, निम्मे ६. सहा फूट त्रिज्या, बारा फूट रुंद कट्टा. अर्ध्या मिनिटात काम झालं. आणि याच अर्ध्या मिनिटाने पुढे घोटाळा केला. तो समजायला आधी हे सूत्र कुठून येतं ते पाहावं लागेल.

घरातली एखादी गोल परात घ्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात सरकवा. ती दोन्ही भिंतींना एकेका ठिकाणी टेकेल. कोपऱ्यापासून या भिंतीवरच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर आणि त्या भिंतीवरचं अंतर मोजलं तर दोन्ही सारखीच भरतात. कोपरा कितीही अंशाचा असो, हे बदलत नाही. कारण सरळ आहे. परातीच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि टेकण्याच्या दोन्ही जागांपर्यंत रेघा ओढल्या की दोन काटकोन त्रिकोण तयार होतात. दोघांचा कर्ण कोपऱ्याकडे जाणारी रेघ आणि दोघांची एक बाजू परातीची त्रिज्या. मग तिसरी बाजूही सारखीच असणार. दहावीच्या पुस्तकात हेच स्पर्शिकाखंडाचं प्रमेय म्हणून येतं.

आता आपल्या त्रिकोणाकडे या. तीन कोपरे आहेत, म्हणजे सारख्या लांबीच्या तीन जोड्या. भिंतींच्या कोपऱ्यातल्या जोडीची लांबी काढायची आहे. दोन्ही भिंतींची लांबी मिळवली तर कोपऱ्यातला तुकडा दोनदा येतो आणि लांबच्या दोन टोकांकडचे तुकडे एकेकदा येतात. पण त्या टोकांकडच्या तुकड्यांचे जुळे कर्णावर आहेत आणि ते दोन मिळूनच अख्खा कर्ण होतो. म्हणून भिंतींच्या बेरजेतून कर्ण वजा केला की कोपऱ्यातला तुकडा दुपटीने उरतो. निम्मं केलं की तो तुकडा मिळाला. आपल्याकडे तो सहा फूट. उरलेले तुकडे १४ आणि १५, आणि त्यांची बेरीज २९.

इथपर्यंत त्रिज्येचा विषयच निघालेला नाही, हे लक्षात घ्या. आपल्या हाती आलंय ते फक्त कोपऱ्यापासून टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर. त्याला त्रिज्या म्हणण्याचा हक्क काटकोनामुळे मिळतो. गोलाच्या मध्यापासून टेकण्याच्या जागेकडे जाणारी त्रिज्या भिंतीला नेहमी काटकोनात असते. कोपराही काटकोनात असेल तर कोपरा, टेकण्याच्या दोन जागा आणि गोलाचा मध्य हे चार बिंदू मिळून चौरस होतो. चौरसाच्या चारही बाजू सारख्या, म्हणून कोपऱ्यातला सहा फुटांचा तुकडा आणि त्रिज्या एकच. छोट्या सूत्राचा सगळा भार या एका चौरसावर आहे.

त्रिज्या काढायचा दुसरा रस्ता क्षेत्रफळावरून जातो. गोलाच्या मध्यापासून तिन्ही कोपऱ्यांना रेघा ओढा. मोठ्या त्रिकोणाचे तीन लहान त्रिकोण होतात. एकाचा पाया २० फूट, दुसऱ्याचा २१, तिसऱ्याचा २९, आणि उंची मात्र तिघांचीही त्रिज्येएवढीच. म्हणजे तिघांचं मिळून क्षेत्रफळ त्रिज्या गुणिले परिमितीचं निम्मं, ३५ गुणिले त्रिज्या. अख्ख्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ २० गुणिले २१ चं निम्मं, २१० चौरस फूट. २१० ला ३५ ने भागलं की पुन्हा सहाच.

r = ab / (a + b + c)

हा दुसरा रस्ता फार जुना आहे. चीनमधल्या 'नऊ अध्याय' या प्राचीन गणितग्रंथाच्या नवव्या अध्यायात असंच उदाहरण आहे: काटकोनाच्या बाजू ८ आणि १५ पावलं, तर आत बसणाऱ्या गोलाचा व्यास किती? उत्तर दिलंय सहा पावलं. रीतही हीच, फक्त व्यास हवा म्हणून गुणाकार दुप्पट केलेला. २४० ला ४० ने भागायचं. इ.स. २६३ मध्ये लिऊ ह्वे या गणितज्ञाने त्या ग्रंथावर टीका लिहिली. त्याने त्रिकोणाचे रंगीत तुकडे कापले आणि ते पुन्हा जुळवून एक लांबट आयत केला. आयताची लांबी तिन्ही बाजूंची बेरीज आणि रुंदी गोलाचा व्यास. फळ्यावर मी हे दहा ओळींत सिद्ध करते आणि निम्म्या वर्गाला जांभया येतात. कागद आणि कात्री घेऊन ते एकदाच करावं असं मला आता वाटायला लागलंय.

परीक्षेत या प्रकारच्या गणिताचं उत्तर नेहमी गोंडस पूर्णांक येतं. पेपर काढणाऱ्याची त्यात फारशी मेहनत नसते. तिन्ही बाजू पूर्णांक असतील तर a + b − c ही संख्या समच निघते, कारण वर्ग केल्याने सम-विषमपणा बदलत नाही आणि वर्गांची बेरीज जुळलेलीच आहे. बाजू पूर्णांक असून त्रिज्येत अर्धा आला, तर एकतर वजाबाकी चुकली किंवा तो त्रिकोण काटकोनाचा नाही. हे वाक्य मी वर्गात कित्येकदा बोलले आहे. जागेवर मात्र वेळेत आठवलं नाही.

मिस्त्रीभाऊ सकाळी आले. त्यांनी भिंती मोजल्या, २० आणि २१ बरोबर भरल्या. मग रस्त्याकडची बाजू मोजून म्हणाले, "मॅडम, हे अठ्ठावीसच भरून राहिलं जी."

"टेप ढिला धरला असेल भाऊ. एकोणतीस पाहिजे."

"ढिला असता तं जास्त भरला असता न. कमी कसा भरेल?"

भाऊ बरोबर होते. टेपला झोळ पडला तर वाचन खऱ्या अंतरापेक्षा जास्त येतं, कमी कधीच येत नाही. तरी मी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा अठ्ठावीस. मी वहीत २९ खोडून २८ लिहिलं आणि छोटं सूत्र पुन्हा चालवलं: ४१ मधून २८ गेले, १३ उरले, निम्मे साडेसहा. भाऊ लगेच दोरी साडेसहा फुटांवर धरायला निघाले. मी त्यांना थांबवलं, कारण जागा आखडली असताना गोल वाढला कसा? कर्ण कमी झाला म्हणजे त्रिकोण लहान झाला. त्यात आधीपेक्षा अर्धा फूट मोठी त्रिज्या बसते म्हणणं पटण्यासारखं नव्हतं.

मग क्षेत्रफळाचा रस्ता धरला. ४२० भागिले ६९, म्हणजे ६.०९. एकाच त्रिकोणाची एकाच मापांवरून काढलेली दोन उत्तरं, आणि त्यांच्यात पाच इंचांचा फरक. शिकवणीतली दोन पोरं तिथे घुटमळत होती. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, दोन्ही सूत्रं तं बरोबर आहेत, मग वेगवेगळं काहून येऊन राहिलं?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही सूत्रांची वजाबाकी करून मिळतं. छोट्या सूत्रातून क्षेत्रफळाचं सूत्र वजा करा आणि छेद सारखे करा. वरती (a + b)² − c² − २ab येतं, आणि त्यातले २ab एकमेकांना मारतात. उरतं हे:

फरक = (a² + b² − c²) / (२ × परिमिती)

वर बसलेली संख्या ओळखीची आहे. पायथागोरसचं प्रमेय जुळत असेल तर ती शून्य असते. म्हणजे काटकोन खरा असेल तर दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, आणि काटकोन नसेल तर ती फुटतात. किती फुटतात तेही कळतं. आमच्याकडे ८४१ मधून ७८४ गेले, ५७ उरले. त्यांना १३८ ने भागलं की ०.४१ फूट, तेच पाच इंच. फरक कोणत्या दिशेला आहे यावरून कोपरा कसा चुकलाय तेही समजतं. छोट्या सूत्राचं उत्तर मोठं आलं तर कोपरा मिटलेला, काटकोनापेक्षा कमी. लहान आलं तर कोपरा फाकलेला.

अर्थात याला दोन अर्थ असू शकतात. खरोखर कोपरा गुण्यात नाही, किंवा कोपरा ठीक आहे आणि एखादं माप चुकलंय. वहीतल्या आकड्यांवरून हे ठरत नाही, कोपऱ्यातच जाऊन पाहावं लागतं. मिस्त्री लोक पाया आखताना करतात तेच आम्ही केलं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर सहा फुटांवर खूण, दुसरीवर आठ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. काटकोन असता तर दहा फूट भरलं असतं. भरलं नऊ फूट आठ इंच. तीन-चार-पाचनेही हेच कळलं असतं, पण तिथे दोन इंचांचाच फरक दिसला असता. खुणा जितक्या लांब, तितकी चूक उघडी पडते. हिशेब केला तर कोपरा साधारण ८६ अंशांचा निघाला. नकाशावरचा काटकोन नकाशावरच राहिला होता.

आता तो साडेसहाचा आकडा खोटा होता का? नाही, आणि या सगळ्यातली मला आवडलेली गोष्ट हीच. कोपऱ्यापासून टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर काढताना आपण काटकोन कुठे वापरलाच नव्हता. त्यामुळे साडेसहा फुटांवर गोल भिंतीला टेकतो हे आजही खरं आहे. बिघडला तो फक्त चौरस. कोपरा ८६ अंशांचा झाल्यावर कोपरा, टेकण्याच्या दोन जागा आणि मध्य यांचा चौकोन चौरस राहत नाही. त्याचा पतंग होतो. पुस्तकात त्या चौकोनाला पतंगच म्हणतात आणि संक्रांतीच्या पतंगासारखा तो दिसतोही: कोपऱ्याकडच्या दोन बाजू सारख्या, मध्याकडच्या दोन बाजू सारख्या, पण या दोन जोड्यांची लांबी वेगळी. कोपऱ्याकडच्या साडेसहा फूट. मध्याकडच्या म्हणजे त्रिज्या, आणि त्या आखूड.

किती आखूड, हे काढायला काटकोनावर न विसंबणारं सूत्र लागतं. क्षेत्रफळ हेरॉनच्या सूत्राने काढायचं आणि अर्धपरिमितीने भागायचं. आमची अर्धपरिमिती ३४.५. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की १४.५, १३.५ आणि ६.५ उरतात. हेच तीन कोपऱ्यांकडचे तुकडे आहेत, आणि पहिले दोन मिळवले की २८ फुटांचा कर्ण होतो. या तिघांचा गुणाकार करून ३४.५ ने भागा आणि वर्गमूळ काढा. ६.०७ फूट येतं. सहा फूट आणि वर जेमतेम पाऊण-एक इंच.

म्हणजे क्षेत्रफळाच्या सूत्राचं ६.०९ हे उत्तरही पूर्ण बरोबर नव्हतं, पण चूक अवघ्या चार मिलिमीटरांची. छोट्या सूत्राला त्रिज्या समजलं असतं तर पाच इंचांनी फसलो असतो, आणि कट्ट्याचा गोल भिंतीत घुसला असता. एवढा फरक का पडावा? एक लांब बांबू उभा धरा आणि जरासा कलता करा. त्याचं टोक बाजूला बरंच सरकतं, पण जमिनीपासूनची उंची जवळजवळ तेवढीच राहते. आमची २१ फुटांची भिंत काटकोनापासून चार अंश आत कलली. तिचं टोक सुमारे सव्वा फुटाहून जास्त, जवळपास १७ इंच आत आलं, पण समोरच्या भिंतीपासूनची उंची अर्ध्या इंचाच्या आसपासच घटली. त्रिकोणाचं क्षेत्रफळ उंचीवर चालतं, म्हणून ते फारसं हललं नाही. कर्ण मात्र टोक सरकल्याबरोबर एक फुटाने आखडला, आणि छोटं सूत्र त्या कर्णावरच उभं आहे.

कोपरा ठीक असून कर्णाचं मापच एक फुटाने चुकलं असतं, तरी गोष्ट साधारण अशीच झाली असती. खरी त्रिज्या सहा, छोट्या सूत्राने साडेसहा, क्षेत्रफळाने ६.०९. कर्णातली चूक छोट्या सूत्रात निम्मी होऊन थेट उतरते, तर क्षेत्रफळाच्या सूत्रात ती अख्ख्या परिमितीत विरघळते. म्हणून कागदावर छोटं सूत्र चालवा, मजेचं आहे, पटकन होतं. मातीवर मात्र मी आता आधी क्षेत्रफळाचं चालवते, मग छोटं, आणि दोन्ही जुळतात का ते बघते.

आणखी एक अडचण उरली होती, ती म्हणजे खुंटी कुठे ठोकायची. काटकोनी कोपऱ्यात हे पोरखेळ असतं. दोन्ही भिंतींपासून त्रिज्येएवढं आत या, तोच मध्य. इथे पतंग होता. पण पतंगानेच वाट दाखवली. दोन्ही भिंतींवर कोपऱ्यापासून साडेसहा फुटांवर खुणा केल्या, प्रत्येक खुणेला गुण्या लावून भिंतीशी काटकोनात दोरी आत ओढली, आणि दोन दोऱ्या जिथे एकमेकींना कापतात तिथे खुंटी ठोकली. खुणेपासून खुंटीपर्यंत मोजलं तर सहा फूट एक इंचाला जरा कमी.

भाऊ म्हणाले, "एक इंच सोडून द्या मॅडम, प्लास्टर चढते." त्यांचं म्हणणं रास्त होतं. सूत्राने मिळते ती बाहेरच्या कडेची त्रिज्या. वीट, प्लास्टर, वरची फरशी सगळं त्याच्या आतच बसवायला हवं. त्यांनी खुंटीला दोरी बांधली, नेमक्या सहा फुटांवर धरली आणि फिरत फिरत फक्की टाकत गेले. गोल पुरा झाल्यावर पोरांनी पट्टी घेऊन तिन्ही बाजूंना उरलेली फट मोजली. एका भिंतीकडे पाऊण इंच, दुसरीकडे एक इंच, रस्त्याकडे एकाला थोडी कमी. हिशेबाने तिन्हीकडे ०.८८ इंच यायला हवी होती. फक्कीची रेघच अर्धा इंच जाड असते, तेव्हा यापेक्षा जास्त काय जुळणार.